बाहीतलं हाड

भाच्याच्या फोटोच्या दुकानात मागच्या बाजूला एक खोली होती, आणि त्या खोलीत बाहीमावशी बसायची. खरी मावशी ती एकट्या भाच्याची, पण दोन गल्ल्यांतली लहानथोर सगळी तिला त्याच नावानं हाक मारत. नाव पडायला कारण होतं. ज्याच्या अंगावर बाह्या नाहीत त्याला ती बाह्या देत असे. कापडाच्या नाही, फोटोतल्या.

आता हसू नका. हा धंदा चांगला चालतो. लोकांना दंड असतात ते उन्हाळ्यात, सहलीला, समुद्रावर. तेच लोक दोन वर्षांनी सासऱ्यांना दाखवायला, नोकरीच्या अर्जाला, नाहीतर भिंतीवर टांगायला तोच फोटो घेऊन येतात, कारण त्या फोटोत चेहरा हसरा आलेला असतो. मग खालच्या आवाजात म्हणतात, ‘‘मावशी, चेहरा ठेवा, हात तेवढे झाका.’’ जसं काही हात म्हणजे चोरीचा माल.

मावशी शाळेत चौथीपर्यंत गेली होती. पण तिची आई कपडे शिवायची आणि मावशीचं बालपण शिवणयंत्राच्या खाली चिंध्या वेचण्यात गेलं. त्यामुळे बाही म्हणजे काय हे तिला मोठ्या मोठ्या शिकलेल्यांपेक्षा जास्त कळत होतं. भाच्यानं तिला कॉम्प्युटर शिकवला, माउस धरायला शिकवला, आणि मग आठ महिन्यांत भाच्यालाच तिच्याकडून शिकायची पाळी आली.

‘‘आधी हात,’’ ती म्हणायची, ‘‘मग बाही. आत हात नसेल तर बाही म्हणजे दोरीवर वाळत घातलेलं धोतर.’’

आणि ते खरं होतं. उघड्या दंडावर नुसता रंग फासला की तो रंगवलेला दंड दिसतो, बाही दिसत नाही. कापड अंगाच्या बाहेर असतं, म्हणून बाहीची कड दंडाच्या कडेपेक्षा बोटभर बाहेर यावी लागते आणि मागची भिंत तेवढी झाकावी लागते. खांद्याच्या हाडावर शिवण बसवायची. चुण्या काखेतून निघतात आणि कोपराशी पुन्हा गोळा होतात. मधेच कुठेतरी हौसेनं सुरकुती काढली की डोळा लगेच अडखळतो, जरी बघणाऱ्याला का अडखळला ते सांगता आलं नाही तरी. उजेड ज्या अंगानं येतो त्या अंगाची चुणी उजळ, दुसऱ्या अंगाची काळी. बाहीची सावली कमरेवर पडायला हवी, आणि कफची बारीक सावली मनगटावर. ती मनगटावरची सावली विसरली की हात कापून चिकटवल्यासारखा दिसतो.

हे सगळं मनानं काढायचं म्हणजे चुका होणारच. म्हणून मावशीनं एक सोपी युक्ती शोधली होती. गिऱ्हाइकाच्या कपड्याच्या रंगाचा पूर्ण बाहीचा सदरा ती स्वतः घालायची, फोटोत उजेड जिकडून आहे तिकडे दिवा लावायची, फोटोतल्यासारखा हात करून उभी राहायची आणि भाच्याला म्हणायची, ‘‘ओढ.’’ भाचा फोटो काढायचा. मग तीच बाही, आतल्या हातासकट, कापून गिऱ्हाइकाच्या खांद्याला लावायची, रंग जुळवायचा, लांबी जुळवायची. थोडक्यात सांगायचं तर गावातल्या निम्म्या घरांच्या भिंतींवर मावशीचा हात टांगलेला होता. कुणाच्या सुनेच्या बाहीत, कुणाच्या मुख्याध्यापकाच्या कोटात. आणि तो नेहमी उजवा हात. डावा हवा असला की ती दिवा दुसऱ्या बाजूला लावून उजवाच काढायची आणि कॉम्प्युटरमधे आरशासारखा उलटा करायची.

का, ते भाच्याला माहीत होतं, पण त्या घरात तो विषय कुणी काढत नसे. मावशी सात वर्षांची असताना माळ्यावरून पडली होती. डावं कोपर मोडलं. एका हाडं बसवणाऱ्यानं ते बसवलं, पण असं बसवलं की हात सरळ खाली सोडला की कोपर बाहेर आणि पुढचा हात आत, अंगाकडे. विळ्यासारखा. आईनं त्या दिवसापासून तिला पूर्ण बाह्या शिवल्या. डावी बाही थोडी ढगळ, म्हणजे कळू नये. पन्नास वर्षं उलटली. मावशीला हात दुमडून, पिशवी धरून, पदराच्या टोकाशी चाळा करत उभं राहायची इतकी सवय झाली की तो हात सरळ सोडला तर कसा दिसतो हे तीच विसरून गेली. आरशात बघायची ती फक्त गळ्यापर्यंत.

तर एका सकाळी मुलींच्या शाळेचा कारकून दुकानात आला. हातात एक फोटो आणि काखोटीला एक निळं जॅकेट.

‘‘अध्यक्षांनी पाठवलंय,’’ तो म्हणाला. ‘‘शाळेचं माहितीपुस्तक छापायचंय. आपल्या पोहण्याच्या बाईंचा हा एकच बरा फोटो आहे. पण हे असं आहे.’’

‘‘असं म्हणजे कसं?’’ मावशीनं विचारलं.

कारकुनानं फोटो टेबलावर असा ठेवला, जणू त्याला स्पर्श करूनच पाप लागेल. एक तिशीची बाई तलावाच्या काठावर उभी. खाली लांब पँट, वर पोहायचा बिनबाह्यांचा पोशाख, केस ओले. उजवा हात कमरेवर. डाव्या हाताला एक सहा-सात वर्षांची मुलगी माकडाच्या पिलासारखी लटकलेली, इतकी घट्ट की खांद्यापासून मनगटापर्यंत बाईंचा हात दिसतच नव्हता, खाली नुसता पंजा दिसत होता. दोघी तोंड फाटेस्तोवर हसत होत्या.

‘‘छान आहे की!’’

‘‘अध्यक्ष म्हणाले, शोभत नाही. बाईंना शाळेचं जॅकेट चढवा, चेन गळ्यापर्यंत. आणि मूल काढून टाका. मुलीच्या अंगावरपण तोकडंच आहे.’’

‘‘पोहायला मग काय रजई पांघरून जायचं?’’

‘‘मला काय विचारता, मावशी? मी निरोप्या. हे जॅकेट शाळेच्या खेळाच्या कोठारातलं आहे, नमुन्याला. बिल्ला नीट दिसायला हवा, असंही म्हणालेत.’’

डाव्या बाहीवर, दंडाच्या जागी, शाळेचा बिल्ला शिवलेला होता, गोल, त्यात शाळेचं नाव आणि ब्रीद.

हे अध्यक्ष म्हणजे सगळ्या शहरात शालीनतेचा ठेका घेतलेला माणूस. तलाव बांधला तेव्हा उद्‌घाटनाच्या भाषणात ते अर्धा तास पाण्याच्या धोक्यांवर बोलले आणि अर्धा तास पोशाखाच्या. त्यांचा स्वतःचा मोठा फोटो शाळेच्या सभागृहात लागला होता, माहितीपुस्तकाच्या पहिल्या पानावरही तोच येणार होता, कोट घातलेला, डावा हात खुर्चीच्या पाठीवर. भारदस्त. तो फोटो नऊ वर्षांपूर्वी ह्याच खोलीत तयार झाला होता. मूळ फोटोत अध्यक्ष बनियनवर होते, मित्रांच्या सहलीत, पत्त्यांच्या डावात, आणि चेहऱ्यावर जिंकल्याचं तेज होतं. ते तेज दुसऱ्या कुठल्याच फोटोत उतरलं नव्हतं, म्हणून पत्ते गेले, बनियन गेलं, कोट आला. मावशीनं त्याबद्दल कुणाजवळ अवाक्षर काढलं नव्हतं. ह्या धंद्यात तोंड शिवलेलं लागतं, बाहीपेक्षा पक्कं.

भाच्यानं आधी आपला नवा प्रोग्रॅम चालवून पाहिला. एक बटण दाबलं की जॅकेट चढतं म्हणे. चढलं खरं. बाही पाण्याच्या पाइपासारखी गुळगुळीत, चुण्या काखेऐवजी बिल्ल्यातून फुटलेल्या, कफ मनगटात विरघळलेला, आणि बिल्ल्यावरची अक्षरं कुठल्याच भाषेतली नव्हती.

‘‘वा!’’ मावशी म्हणाली. ‘‘शाळेचं नाव वाचून दाखव.’’

‘‘मावशी, लांबून कळत नाही.’’

‘‘लांबून गाढवही घोडा दिसतं. ऊठ तिथून.’’

तिनं मूल पुसलं. पुसलं म्हणजे त्याच्या जागी मागच्या फरश्या एकेक ओढून बसवल्या आणि बाईंची कंबर भरली. उजव्या बाजूला फार त्रास नव्हता, तिथं बाईंचा स्वतःचा हात होता, त्यावर जॅकेट बसवायचं. डाव्या बाजूला मात्र खांदा होता, खाली पंजा होता आणि मधे काहीच नव्हतं. तिथं अख्खा हात घडवायचा होता.

इथं मावशी अडली. उजवा हात काढून उलटा करावा, तर जॅकेटच्या उजव्या बाहीवर बिल्ला नाही. जॅकेट उलटं घालावं तर बिल्ला आत. आणि डावी बाही जशीच्या तशी काढायची तर ती डाव्याच हातावर चढणार.

‘‘बिल्ला वेगळा काढून चिकटवू,’’ भाचा म्हणाला.

‘‘दंडाच्या वळणावर गोल बिल्ला सपाट चिकटवशील तर ताटलीसारखा दिसेल. नको.’’ तिनं जॅकेट चढवलं. ‘‘बाही आहे ना? मग झालं. बाहीत काय दिसतंय!’’

तिनं डावा हात सरळ खाली सोडला. भाच्यानं कॅमेरा डोळ्याला लावला, क्षणभर थांबला, काहीतरी बोलणार होता. बोलला नाही. फोटो ओढला.

बिल्ला झकास आला. चुण्या अस्सल. फक्त एक गोष्ट जुळेना. खांद्याला बाही लावली की खाली कफ बाईंच्या पंज्यापर्यंत पोचायचा नाही, दोन बोटं आत, मांडीकडे राहायचा. मावशीनं दोनदा लावून पाहिलं.

‘‘तू कॅमेरा वाकडा धरलास,’’ ती भाच्याला म्हणाली.

‘‘असेल,’’ भाचा म्हणाला.

नाचता येईना, अंगण वाकडं. तिनं बाईंचा पंजाच उचलला, दोन बोटं आत सरकवला, जुन्या जागी एक फरशी बसवली आणि कफची सावली मनगटावर टाकून हात झटकले. काम इतकं सफाईचं होतं की कारकुनाला जोड सापडली नाही. अध्यक्षांनी ‘‘आता कशा शिक्षिका वाटतात!’’ असा शेरा दिल्याचं त्यानं येऊन सांगितलं. जॅकेट न्यायला मात्र तो विसरला. ते खुंटीवर राहिलं.

तीन आठवड्यांनी पोहण्याच्या बाई स्वतः दुकानात आल्या. मावशीनं त्यांना फोटोबाहेर कधी पाहिलं नव्हतं, तरी चेहरा लगेच ओळखला. आठ तास त्या चेहऱ्याच्या शेजारी काम केलेलं.

‘‘तुम्हीच का त्या बाह्या लावणाऱ्या?’’

‘‘मीच. बस ना पोरी.’’

‘‘बसायला नाही आले. माझा हात तुम्ही काय केलात ते विचारायला आले.’’ तिनं माहितीपुस्तक टेबलावर आपटलं. ‘‘बघा. हा काय हात आहे? सांगा!’’

मावशीनं चष्मा चढवला. छापलेल्या पानावर बाई उभ्या होत्या. निळं जॅकेट, बिल्ला, चुण्या. आणि त्या बाहीत कोपर बाहेर गेलेलं, पुढचा हात अंगाकडे वळलेला. विळ्यासारखा.

पन्नास वर्षांनी मावशीनं आपला हात पाहिला. दुसऱ्याच्या अंगावर.

बाही कातडी झाकते, हाड नाही झाकत. एवढी साधी गोष्ट, आणि ती विसरली ती, जिनं सगळ्या शहराला बाही कशी पडते ते शिकवलं असतं.

‘‘पालकांनी तक्रार केली,’’ पोहणारी सांगत होती. तिचा आवाज आता जरा खाली आला होता. ‘‘एका आईनं लिहिलं, पोहण्याच्या बाईंचा हात अधू आहे, आमची पोर बुडत असेल तर ही कशी ओढणार? मी समितीपुढं गेले, दोन्ही हात सरळ करून दाखवले. तर म्हणतात, मग फोटोतली बाई तुम्ही नाहीच! फोटो दुसरीचा, तर मग पोहण्याचं प्रमाणपत्र तरी तुमचं कशावरून? आणि अध्यक्ष काय म्हणाले माहीत आहे?’’

‘‘काय?’’

‘‘म्हणाले, शाळेनं कुठल्याही फोटोला हात लावलेला नाही. पुस्तकात पहिल्याच पानावर तसं छापलंय, ‘सर्व छायाचित्रे मूळ स्वरूपात.’ म्हणजे हा बनावट फोटो मीच दिला. परवा बैठक आहे. तक्रार करणारी आई येणार, आणि मग मला काढणार.’’

‘‘पण तुझा मूळ फोटो?’’

‘‘मी कारकुनाला दिला होता, मोबाइलवरून छापून. मोबाइल गेल्या महिन्यात तलावात पडला. आता तुम्ही म्हणाल पोहणारीचा मोबाइल बुडाला.’’

मावशी एरवी नक्की म्हणाली असती. आज म्हणाली नाही. मूळ फोटो कॉम्प्युटरमधे होता, लटकलेल्या पोरीसकट. पण नुसता मूळ फोटो दाखवला तर अध्यक्ष काय म्हणणार, हे तिला बसल्या जागी ऐकू आलं: ‘पाहा, बाईंनीच तो दुकानात नेऊन बदलून घेतला.’ आणि मग वाकडा हात कुणाचा, हा प्रश्न उरलाच असता. त्याचं उत्तर जगात एकाच माणसाकडे होतं, आणि ते उत्तर ढगळ बाहीत होतं.

‘‘परवा किती वाजता?’’ तिनं विचारलं.

‘‘अकरा. का?’’

‘‘बघू.’’

रात्रीचं जेवण तिला गेलं नाही. भाचा समोर बसून भात कालवत होता.

‘‘तुला दिसलं होतं,’’ ती म्हणाली. ‘‘फोटो ओढताना. थांबला होतास.’’

‘‘हो.’’

‘‘मग बोलला का नाहीस, मेल्या?’’

‘‘मावशी, लहानपणी एकदा विचारलं होतं मी, तुझा हात असा का. आईनं थोबाडीत दिली होती. अजून आठवतंय.’’ त्यानं गाल चोळला. ‘‘नको जाऊस तिथं. आपण नुसता मूळ फोटो पाठवू. एकदा तू सांगितलंस की बाह्या आपण लावतो, की उद्या गिऱ्हाईक येणार नाही. आणि तुझा हात सगळ्यांच्या तोंडी होईल. हात दाखवून अवलक्षण.’’

‘‘अवलक्षण तर छापून घरोघर गेलंय,’’ मावशी म्हणाली. ‘‘आता फक्त ते कुणाचं तेवढं सांगायचं राहिलंय.’’

शाळेचं सभागृह लांब होतं आणि फिनाइलचा वास मारत होतं. टेबलाच्या एका बाजूला समितीची पाच माणसं, मधे अध्यक्ष. त्यांच्या बरोबर मागे, भिंतीवर, त्यांचाच मोठा फोटो. म्हणजे समोर बसणाऱ्याला दोन अध्यक्ष सोसावे लागत. कारकून टोकाला वही घेऊन. तक्रार करणारी आई खिडकीशी, हातात माहितीपुस्तक. पोहणारी एका लहान मुलांच्या खुर्चीवर, गुडघे वर आलेले.

दारातून मावशी आली ती निळं जॅकेट घालूनच. सवयीप्रमाणे दुमडलेल्या डाव्या हातात पिशवी.

कारकुनानं तिला पाहिलं आणि वहीत तोंड खुपसलं.

‘‘आपण कोण?’’ अध्यक्ष म्हणाले. नऊ वर्षांपूर्वी हाच माणूस त्या मागच्या खोलीत तीनदा येऊन गेला होता, ‘‘पोट जरा आत घ्या, मावशी,’’ म्हणायला.

‘‘मी बाह्या लावते,’’ मावशी म्हणाली. ‘‘ह्या फोटोतली बाही मी लावली. हात पण माझाच आहे.’’

एक सभासद खो खो हसला. ‘‘हात तुमचा? म्हणजे काढून दिलात की काय?’’

‘‘तसंच म्हणा.’’ ती तक्रारवाल्या आईकडे वळली. ‘‘बाई, ते पान उघडून धरता का जरा? माझ्या शेजारी. असं.’’

आईनं पुस्तक धरलं. मावशीनं पिशवी पोहणारीच्या मांडीवर ठेवली. आणि मग, अर्धं शतक जे केलं नव्हतं ते केलं. डावा हात सरळ खाली सोडला.

कोपर बाहेर गेलं. पंजा मांडीकडे आला. बिल्ला वर, चुण्या काखेतून निघून कोपराशी गोळा. पानावर होतं तसं, चुणी न् चुणी.

मघाशी हसलेला सभासद खुर्चीतून पुढे वाकला. हातच्या काकणाला आरसा लागत नाही म्हणतात, इथं तर आरसा छापून आणलेला होता.

‘‘अगंबाई,’’ तक्रारवाली आई म्हणाली. ‘‘म्हणजे हा ह्यांचा नाहीच.’’

‘‘त्या पोरीचे हात ओंडक्यासारखे सरळ आहेत. चूक माझी. माझा हात मीच विसरले.’’ मावशीनं जॅकेटची चेन ओढली, जॅकेट काढलं आणि आतल्या पोलक्याची डावी बाही खांद्यापर्यंत सरकवली, म्हणजे कुणाला कापडाची काही करामत वाटायला नको. हात तिथं होता, पांढुरका, कधी ऊन न पाहिलेला, कोपराशी जुन्या जखमेचा व्रण.

‘‘अहो, झाका, झाका ते!’’ अध्यक्ष म्हणाले आणि खिडकीकडे बघू लागले. ‘‘हे शाळेचं सभागृह आहे!’’

‘‘साठीच्या बाईचा मोडका हात आहे, अध्यक्षसाहेब. ह्याला भुलणारा जन्मायचाय अजून.’’

टोकाच्या सभासदाला खोकला आला. बराच वेळ आला.

‘‘ठीक आहे,’’ अध्यक्ष म्हणाले. ‘‘हात तुमचा. पण त्यामुळे एवढंच सिद्ध होतं की ह्या बाईंनी तुमच्याकडून फोटो बदलून घेतला. शाळेचा ह्याच्याशी संबंध नाही. शाळा असले उद्योग करत नाही.’’

चोराच्या उलट्या बोंबा. मावशीला हे अपेक्षितच होतं. तिनं जॅकेट टेबलावर ठेवलं, आतली बाजू वर करून. गळ्याशी शाळेच्या कोठाराचा शिक्का आणि क्रमांक होता.

‘‘हे जॅकेट बाईंनी आणलं? कोठाराची किल्ली पोहण्याच्या बाईंकडे असते?’’

सगळ्यांनी कारकुनाकडे पाहिलं. कारकुनानं अध्यक्षांकडे पाहिलं. किल्ली त्याच्या गळ्यात, दोरीला, शर्टावर लटकत होती.

‘‘असेल, कुणी चोरलं असेल,’’ अध्यक्ष म्हणाले, पण आवाजातली हवा गेली होती. ‘‘शाळेनं छापलंय ते छापलंय. सर्व छायाचित्रे मूळ स्वरूपात. एकूण एक.’’

‘‘एकूण एक?’’ मावशीनं विचारलं. ‘‘पहिल्या पानापासून?’’

आणि तिनं हळूच मान वर करून अध्यक्षांच्या मागच्या भिंतीवरच्या फोटोकडे पाहिलं. कोट. खुर्चीच्या पाठीवर डावा हात. पाहिलं आणि पाहतच राहिली, जत्रेत पोर खेळण्याकडे पाहतं तशी.

अध्यक्ष आधी तिच्याकडे बघत होते. मग तिची नजर कुठं आहे ते त्यांना उमगलं. ते मागे वळले नाहीत. मागे काय आहे ते त्यांना पाठ होतं, आणि त्याच्याही मागे काय आहे तेही. मानेवर घामाचे थेंब आले. बनियन, पत्ते, सहल.

‘‘बाकीच्या पानांचं पण सांगायचं का?’’ मावशीनं विचारलं. अगदी मऊ आवाजात.

‘‘नको,’’ अध्यक्ष म्हणाले. ‘‘नको. आता आठवलं. मीच. मीच कारकुनाला म्हणालो असेन की जरा... पोशाखाचं जरा बघा. कामाच्या गडबडीत. बाईंचा दोष नाही. नोंद करा. बाईंचा काहीही दोष नाही. विषय संपला.’’

‘‘संपला कसा?’’ तक्रारवाली आई म्हणाली. ‘‘मूळ फोटो कुठंय? मला बघू द्या तरी.’’

मावशीनं पिशवीतून तो काढून दिला. आईनं पाहिला. ओल्या केसांची बाई, आणि तिच्या हाताला माकडाच्या पिलासारखी लटकलेली मुलगी.

‘‘ही कोण?’’

‘‘पाण्याला घाबरायची,’’ पोहणारी म्हणाली. ‘‘त्या दिवशी ती एकटी पलीकडच्या काठापर्यंत पोचली. मग मला सोडेचना.’’

आई फोटोकडे पाहत राहिली. ‘‘आणि हिला काढलं तुम्ही?’’ ती अध्यक्षांना म्हणाली. ‘‘हा छापला असता तर मी तक्रार करायला आले असते का? माझी पोर ह्या बाईंच्या वर्गात घालायला आले असते. ह्या मुलीच्या घरी विचारा, आणि चालत असेल तर हाच छापा. नाहीतर मी पुन्हा लिहीन, आणि ह्या वेळी वाकड्या हाताबद्दल नाही लिहिणार.’’

अध्यक्षांनी ‘‘विचार करू’’ म्हटलं. कारकुनानं ‘‘विचार करू’’ लिहिलं. तक्रारवाल्या आईनं ‘‘आत्ता करा’’ म्हटलं, आणि तीन सभासदांनी एकदम मान डोलावली, कारण त्यांना जेवायला जायचं होतं. ठरलं. पोहण्याच्या बाई राहिल्या. पान नवीन छापायचं ठरलं, बाह्यांशिवाय, मुलीच्या घरून होकार आला तर पोरीसकट.

बाहेर पडताना मावशी बाही खाली करायची विसरली होती. पायऱ्यांवर वारा लागला तेव्हा तिला कळलं. ती थांबली, बाहीकडे पाहिलं आणि ती खाली ओढली, कारण गार वाटत होतं.

‘‘मावशी,’’ पोहणारीनं पिशवी तिच्या हातात दिली. ‘‘तुम्ही मधेच त्या भिंतीवरच्या फोटोकडे काय बघत होतात? अध्यक्ष एकदम मेणासारखे झाले.’’

‘‘कुठं काय,’’ मावशी म्हणाली. ‘‘कोटाची बाही बघत होते. उजवा हात चांगला बसलाय.’’

‘‘पण फोटोत तर त्यांचा डावा हात आहे ना खुर्चीवर?’’

‘‘हो का?’’ मावशी म्हणाली आणि पायऱ्या उतरायला लागली. ‘‘मग तोच असेल.’’